लिंगाचं इम्प्लांट : रॉड की पंप? ऑपरेशननंतर काय होतं आणि पुरुष किती समाधानी असतात?

शुगर, ब्लडप्रेशर, तंबाखू, प्रोस्टेटचं ऑपरेशन किंवा मणक्याला मार. यांपैकी कोणत्याही कारणाने लिंगाला ताठरता येणं बंद होऊ शकतं. बहुतेकांचं काम गोळीवर भागतं. काहींना इंजेक्शन किंवा हवेच्या पंपाचं साधन वापरावं लागतं. पण काही जणांना यातल्या कशाचाच उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी शेवटचा उपाय म्हणजे ऑपरेशन करून लिंगाच्या आत बसवलेलं इम्प्लांट. आपल्याकडे यावर उघड बोललं जात नाही. त्यामुळे माहिती मिळते ती एकतर भिंतीवरच्या जाहिरातीतून, नाहीतर कुणीतरी कानात सांगितलेल्या अर्धवट गोष्टीतून. इम्प्लांटचे दोन प्रकार कोणते, कुणाला कोणता बरा, घरी आल्यावर दीड महिना कसा जातो आणि वर्षभराने माणूस खूश असतो की पस्तावतो, ते या लेखात सविस्तर पाहू.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

लिंगाच्या आत लांबीच्या दिशेने स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. इम्प्लांट बसवताना डॉक्टर याच दोन नळ्या उघडतात, आतून रुंद करतात, मोजमाप घेतात आणि प्रत्येकीत एकेक कृत्रिम दांडा बसवतात. हे करताना आतला नैसर्गिक स्पंज दबतो आणि खराब होतो. म्हणजे एकदा इम्प्लांट बसलं की नंतर ते काढून टाकलं तरी नैसर्गिक ताठरता, गोळीचा परिणाम किंवा इंजेक्शनचा परिणाम पूर्वीसारखा मिळत नाही. हा रस्ता एकाच दिशेने जाणारा आहे.

म्हणून चांगला युरोलॉजिस्ट पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत नाही. गोळी पुरेशा डोसमध्ये, योग्य वेळी घेऊन पाहिली का, हे तो आधी विचारतो. अनेक जण गोळी भरपेट जेवणावर घेतात, तीही एकदाच, आणि 'लागू पडली नाही' म्हणून सोडून देतात. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा रोजची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर मात्र ताठरतेची गोळी अजिबात घ्यायची नाही. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. हृदयाची तपासणीही याच टप्प्यावर होते, कारण लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबणं ही कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याची आगाऊ सूचना असते.

रॉडचं इम्प्लांट म्हणजे काय?

डॉक्टर याला सेमी-रिजिड किंवा मॅलिएबल म्हणतात. यात दोन दांड्या असतात. बाहेरून सिलिकॉन आणि बहुतेक प्रकारांत आत धातूच्या तारा. दांडी हाताने वर केली की वर राहते, खाली वाकवली की खाली राहते. संबंधाच्या वेळी वर करायचं, एरवी खाली वाकवून ठेवायचं. पंप नाही, पाणी नाही, बटण नाही. बिघडण्यासारखं आत फार काही नसतं, म्हणून वर्षानुवर्षं ते तसंच टिकतं.

त्याची दुसरी बाजू अशी की लिंग कायम कडकच राहतं. खाली वाकवलं तरी ते नेहमीसारखं मऊ पडत नाही. धोतर, पायजमा किंवा सैल पँट असेल तर फारसं जाणवत नाही. घट्ट कपड्यात मात्र लपवणं अवघड जातं. सार्वजनिक ठिकाणी अंघोळ करणाऱ्याला, पोहायला जाणाऱ्याला याचा संकोच वाटू शकतो. ताठरताही नैसर्गिक ताठरतेइतकी जाड आणि भरीव वाटत नाही.

आपल्या देशात रॉडचं इम्प्लांट जास्त बसवलं जातं आणि त्याचं मोठं कारण किंमत आहे. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांनी भारतीय रुग्णाला परवडेल असा रॉड तयार केला. तो 'शाह इम्प्लांट' या नावाने ओळखला जातो. त्याच्या दांडीवर काढता-घालता येणारी आवरणं असतात. त्यामुळे एकच दांडी वेगवेगळ्या जाडीच्या रुग्णाला जुळवून घेता येते. देशी रॉडचा खर्च हजारांत असतो, तर बाहेरून येणाऱ्या पंपाच्या इम्प्लांटचा खर्च काही लाखांत जातो. हॉस्पिटल, भूल आणि औषधं यांचं बिल वेगळं.

पंपाचं इम्प्लांट म्हणजे काय?

हे अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातले युरोलॉजिस्ट डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली लोकांसमोर आणलं. आज जे सगळ्यात जास्त वापरलं जातं त्यात तीन भाग असतात. लिंगात दोन पोकळ नळ्या, अंडाच्या पिशवीत एक छोटा पंप आणि पोटाच्या खालच्या भागात मिठाच्या पाण्याची एक छोटी टाकी. हे तिन्ही बारीक नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. सगळं शरीराच्या आत असतं, बाहेरून काहीच दिसत नाही.

संबंधाच्या वेळी अंडाच्या पिशवीतला पंप बोटांनी चिमटीत धरून अनेकदा दाबायचा. टाकीतलं पाणी लिंगातल्या नळ्यांत येतं आणि लिंग ताठ होतं. काम झालं की पंपावरचं बटण दाबायचं आणि लिंग हलकेच दाबायचं, पाणी परत टाकीत जातं आणि लिंग मऊ पडतं. पाटाचं पाणी शेतात सोडून परत वळवावं, तसा प्रकार आहे. दिसायला आणि हाताला हे नैसर्गिक ताठरतेच्या जास्त जवळ जातं, हा याचा मोठा फायदा. टाकी नसलेला दोन भागांचा प्रकारही असतो. पोटात टाकी बसवणं अवघड असलेल्या रुग्णासाठी त्याचा विचार होतो.

तोटे तीन. पहिला, किंमत. दुसरा, बोटांत ताकद आणि जाणीव हवी. संधिवाताने बोटं वाकलेली असतील, लकव्याने हात गेला असेल किंवा शुगरने बोटं बधिर झाली असतील तर पंप सापडणं आणि दाबणं जमत नाही. तिसरा, हे यंत्र आहे आणि यंत्र कधीतरी बिघडतं. नळीला बारीक चीर पडून पाणी गळालं की लिंग ताठ होणं बंद होतं. गळालेलं पाणी मिठाचं असल्यामुळे शरीराला अपाय होत नाही, पण भाग बदलायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. चांगल्या कंपनीची बहुतेक इम्प्लांट पाच वर्षांनी नीट चालू असतात. दहा वर्षांनंतर मात्र दहापैकी दोन-तीन जणांना दुरुस्तीचं किंवा बदलण्याचं ऑपरेशन लागलेलं असू शकतं. पंचेचाळिशीत पंप बसवणाऱ्याने हे धरूनच चालावं की आयुष्यात आणखी एकदा ऑपरेशन होऊ शकतं.

मग निवड कशी करायची? एक उदाहरण

महाग ते चांगलं आणि स्वस्त ते कमी, असं इथे सरळ नसतं. अशा रुग्णांच्या बाबतीत साधारण काय घडतं ते कळावं म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा ५६ वर्षांचे एक शेतकरी आहेत. १५ वर्षांपासून शुगर. चार वर्षांपासून ताठरता नाही. गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊन झाल्या, इंजेक्शननेही उपयोग झाला नाही. हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात. जिल्ह्याच्या हॉस्पिटलपर्यंत जायला अडीच तास. दहा वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंच्या हर्नियाचं जाळी बसवून ऑपरेशन झालंय. रात्री लघवीला तीनदा उठावं लागतं. घरात दोघंच, मुलं पुण्याला.

डॉक्टर पहिल्यांदा तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी करायला सांगतात. तिला एचबीए१सी म्हणतात. आकडा येतो १०.४. अनेक सर्जन हा आकडा ८ ते ८.५ च्या खाली आल्याशिवाय इम्प्लांटला हात लावत नाहीत, कारण शुगर जास्त असेल तर जखम भरत नाही आणि जंतू लवकर धरतात. म्हणून ऑपरेशन चार महिने पुढे जातं. तेवढ्यात इन्सुलिन चालू होतं, तंबाखू बंद होते. आकडा ७.६ वर येतो.

दुसरा मुद्दा हर्नियाच्या जाळीचा. पंपाची टाकी पोटाच्या खालच्या भागात, साधारण त्याच परिसरात बसते. जाळीमुळे तिथे जागा करणं अवघड होऊ शकतं. म्हणून जुनं हर्नियाचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगायचं. त्यावेळचे कागद असतील तर तेही न्यायचे.

तिसरा मुद्दा प्रोस्टेटचा. रात्री तीनदा उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेट वाढलेली असू शकते. उद्या दुर्बिणीने प्रोस्टेट काढायची वेळ आली तर आत कायम कडक रॉड असताना दुर्बीण घालणं जास्त त्रासाचं होतं. म्हणून सोनोग्राफी आणि लघवीच्या धारेची तपासणी आधी होते. प्रोस्टेटचं काही करायचं असेल तर ते आधी उरकून घेतात. आपल्या उदाहरणात गोळीने काम भागतं.

चौथा मुद्दा हातांचा. डॉक्टर नमुन्याचा पंप हातात देतात आणि डोळे मिटून बटण शोधायला सांगतात. यांना ते जमत नाही, बोटं बधिर आहेत. पत्नीने पंप चालवायचा, असाही एक मार्ग असतो आणि काही जोडपी तो निवडतात. पण या घरात दोघांनाही साधं काहीतरी हवंय, बिघडलं म्हणून पुन्हा अडीच तासांचा प्रवास नकोय. असे सगळे धागे जुळवल्यावर रॉड हाच त्यांच्यासाठी बरा पर्याय ठरतो. खिशात पैसे असते तरी उत्तर बहुधा हेच आलं असतं.

आता याच जागी ४४ वर्षांचे शिक्षक असते, बोटं चांगली, पोटाचं जुनं ऑपरेशन नाही, रोज पँट-शर्टमध्ये चारचौघांत उभं राहायचंय आणि खर्च झेपतोय, तर पंपाचं पारडं जड झालं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी

घरी वस्तऱ्याने केस काढून जायचं नाही. त्याने कातडीला बारीक कापल्या जातात आणि जंतूंना वाट मिळते. केस हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या आधी काढतात. अंगावर कुठे गळू, खरूज, दाढेत पू किंवा लघवीत जळजळ असेल तर आधीच सांगायचं. ती बरी होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलणंच योग्य.

भूल बहुतेक वेळा कमरेतून देतात. लिंग आणि अंडाची पिशवी जिथे जुळते तिथे, किंवा लिंगाच्या मुळाच्या वर, छोटी चीर घेतात. तास-दीड तासात काम होतं. लघवीची नळी घालतात, ती साधारण दुसऱ्या दिवशी काढतात. नळी निघाल्यावर स्वतःहून लघवी नीट झाली की एक-दोन दिवसांत घरी सोडतात.

घरी आल्यावर दीड महिना

पहिला आठवडा सगळ्यात त्रासाचा. अंडाची पिशवी सुजते, काळी-निळी पडते. बघून घाबरायला होतं, पण हे अपेक्षित असतं आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतं. चालताना, बसताना, लघवीला उठताना दुखतं. शुगर असलेल्यांना कधी कधी दुखणं जास्त दिवस राहतं. कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावायचा, थेट कातडीवर नाही. आतले कपडे घट्ट हवेत. लंगोट किंवा घट्ट अंडरवेअर, आणि लिंग पोटाच्या दिशेने वर करून ठेवायचं, म्हणजे सूज कमी राहते आणि लिंग खाली वाकून बरं होत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला कडक होते. कुंथलं की टाक्यांवर ताण येतो, म्हणून पाणी आणि पालेभाजी जास्त घ्यायची, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून औषध घ्यायचं.

दुसऱ्या आठवड्यात घरातल्या घरात फिरणं सोपं होतं. दुकानात किंवा ऑफिसात बसून काम करणारे साधारण दोन आठवड्यांनी कामाला लागतात. शेतीच्या कामाचं तसं नाही. भरलेला फवारणीचा पंप पाठीवर घेणं, खताची गोणी उचलणं, विहिरीवरची मोटार ओढणं हे निदान चार आठवडे बंद. मोटारसायकलची सीट नेमकी टाक्यांच्या जागेवर दाब देते, ट्रॅक्टरचे हादरे त्याहून वाईट. ही दोन्ही डॉक्टरांनी जखम पाहून 'आता चालेल' म्हटल्यावरच. विहिरीत किंवा नदीत पोहायला जखम पूर्ण भरेपर्यंत नाही. त्यामुळे ऑपरेशनची तारीख ठरवताना पेरणी-काढणीचा हिशोब आधी करा. ऐन हंगामात ऑपरेशन करून घेतलं की माणूस आठव्या दिवशी रानात जातो आणि तिथूनच त्रास सुरू होतो.

पंप बसवलेल्यांना यात एक काम जास्त असतं. पंप अंडाच्या पिशवीत खालीच राहावा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून तो रोज हलक्या हाताने खाली ओढायचा. नाहीतर तो वर सरकून तिथेच धरतो आणि मग बोटांना सापडत नाही. दोन ते चार आठवड्यांनी डॉक्टर पंप फुगवायला आणि सोडायला शिकवतात. त्यानंतर रोज एक-दोनदा हा सराव करायचा असतो. पहिल्यांदा दुखतं, बटण सापडत नाही, घाम फुटतो. पण आठवडाभरात हाताला सवय होते.

संबंध चार ते सहा आठवड्यांनंतर, तेही तपासणी करून परवानगी मिळाल्यावर. पहिल्या काही वेळा घाई करायची नाही आणि मेडिकलमध्ये मिळणारी पाण्याची जेली वापरायची. कित्येक वर्षं संबंध नसतील तर पत्नीलाही त्रास होतो. पाळी गेल्यानंतर कोरडेपणा असतो, त्यासाठी तिलाही स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला लागू शकतो.

त्रास झालाय हे कसं ओळखायचं?

सगळ्यात मोठी भीती जंतुसंसर्गाची. पहिल्यांदाच इम्प्लांट बसवलेल्या आणि शुगर ताब्यात असलेल्या रुग्णांत तो शंभरात एक ते तीन जणांना होतो. दुसऱ्यांदा ऑपरेशन होणाऱ्यांत आणि शुगर वाढलेल्यांत प्रमाण जास्त असतं. बहुतेक वेळा तो पहिल्या काही महिन्यांतच दिसतो.

ओळखायची खूण अशी. नेहमीचं दुखणं दिवसागणिक कमी होत जातं. जंतू धरले असतील तर कमी झालेलं दुखणं परत वाढायला लागतं. जागा लाल आणि गरम होते, जखमेतून पाणी किंवा पू येतो, पंपावरची कातडी पंपाला चिकटल्यासारखी होते. ताप येईलच असं नाही. अशा वेळी गावातल्या मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून आठ-दहा दिवस वाट बघणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात, तिथे गोळी नीट पोहोचत नाही. गोळ्यांनी वरून बरं वाटतं, आत मात्र चालूच राहतं. वेळेत गेलात तर डॉक्टर इम्प्लांट काढून, आतली जागा औषधाच्या पाण्याने धुऊन, काही रुग्णांत त्याच वेळी नवीन इम्प्लांट बसवू शकतात. उशीर झाला तर नुसतं काढावं लागतं. रिकाम्या जागी आत व्रण धरतो, लिंग आखडतं आणि पुढे पुन्हा बसवणं कठीण होतं.

रॉडच्या बाबतीत आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. कडक दांडी आतून सतत दाब देत राहते. ज्यांना तिथे जाणीव कमी आहे, म्हणजे मणक्याला मार लागलेले किंवा शुगरने नसा बधिर झालेले, त्यांना हा दाब कळत नाही आणि दांडी हळूहळू कातडीपर्यंत किंवा लघवीच्या मार्गापर्यंत येऊ शकते. लिंगाच्या टोकाला कातडी पातळ आणि चकचकीत दिसायला लागली, आतली दांडी हाताला अगदी वरवर लागायला लागली, लघवीत रक्त आलं किंवा जळजळ सुरू झाली तर त्याच आठवड्यात दाखवायचं. आपल्या उदाहरणातल्या शेतकऱ्यांच्या बोटांना बधिरपणा आहे. म्हणून डॉक्टर त्यांना थोडी आखूड, दाब न देणारी दांडी बसवतात आणि महिन्यातून एकदा उजेडात, आरशात पाहायला सांगतात.

पुढे आयुष्यात कधीही, कोणत्याही आजारासाठी, कुणी लघवीची नळी घालायला आलं तर 'आत इम्प्लांट आहे' हे आधी सांगायचं. पंप असेल तर तो रिकामा करूनच नळी घालतात. एमआरआयच्या आधीही सांगायचं. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव असलेलं कार्ड हॉस्पिटलमधून मागून घ्या, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि ते कुठे आहे हे पत्नीला माहीत असू द्या. अपघातात किंवा बेशुद्ध अवस्थेत सांगणारं दुसरं कुणी नसतं.

वर्षभरानंतर पुरुष काय म्हणतात?

पंपाच्या इम्प्लांटवर जगभर झालेल्या बहुतेक अभ्यासांत शंभरापैकी ऐंशी ते नव्वद किंवा त्याहून थोडे जास्त पुरुष समाधानी असल्याचं दिसतं. रॉडच्या बाबतीत हा आकडा साधारण थोडा कमी येतो, तरी बहुसंख्य समाधानीच असतात. जोडीदाराचं समाधान पुरुषापेक्षा किंचित कमी असतं. दोन गोष्टी लक्षात ठेवून हे आकडे वाचा. पंप घेणारे बहुधा तरुण, पैशाने बरे आणि आधी नीट समजावून सांगितलेले असतात. त्यामुळे दोन प्रकारांची तुलना अगदी सरळ होत नाही. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत विचारलं तर उत्तर वेगळं येतं. दुखणं, सूज आणि सवय नसणं यामुळे तेव्हा अनेकांना 'उगाच केलं' असं वाटतं. सहा महिने ते वर्षभरात समाधान वाढत जातं.

नाराज राहणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार एकच असते : लांबी. इम्प्लांटने लांबी वाढत नाही. उलट तरुणपणाच्या ताठरतेच्या तुलनेत लिंग आखूड वाटतं. यातलं बरंचसं आखूडपण ऑपरेशनने आलेलं नसतं. वर्षानुवर्षं ताठरता नसल्यामुळे आणि शुगरमुळे आतला स्पंज आधीच आखडलेला असतो. मऊ लिंग हाताने पुढे ताणून जेवढी लांबी मिळते, साधारण तेवढीच ऑपरेशननंतर मिळते. हे मोजमाप ऑपरेशनच्या आधी रुग्णासमोर घेतलं आणि त्याला दाखवलं तर नंतरचा वाद टळतो. अनेक डॉक्टर म्हणूनच तसं करतात.

दुसरी तक्रार टोकाची. इम्प्लांट लिंगाच्या दांड्यात असतं, पुढच्या बोंडात नाही. त्यामुळे बोंड पूर्वीसारखं फुगत नाही, मऊ आणि जरा थंड वाटतं. काहींना गोळीने यात थोडी मदत होते.

तिसरी तक्रार अपेक्षेची. इम्प्लांट फक्त ताठरता देतं. इच्छा वाढवत नाही. कातडीची जाणीव, कामसुख आणि वीर्य येणं ऑपरेशनच्या आधी जसं होतं तसंच साधारण राहतं. आधीच बंद झालं असेल तर ते परत येत नाही. मूल होण्याच्या क्षमतेवरही इम्प्लांटचा परिणाम होत नाही, कारण अंडांना हात लावलेला नसतो. घरात दोघांचं बोलणंच बंद असेल तर तेही यंत्र सुरू करून देत नाही. पत्नीला न सांगता ऑपरेशन करून आलेल्यांच्या घरी पुढे नाराजी होते. 'हे तुमचं की मशीनचं?' असं तिला वाटतं. तिला आधीपासून सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेलं की हा प्रश्न बऱ्याच अंशी तिथेच सुटतो.

आपल्या उदाहरणातले शेतकरी दीड महिन्याने पहिल्यांदा संबंध ठेवतात, तेव्हा दोघंही अवघडलेले असतात. तिसऱ्या महिन्यात ते डॉक्टरांना म्हणतात, 'काम होतंय, पण पूर्वीसारखं नाही.' एका वर्षाने तेच म्हणतात, 'पूर्वीसारखं नाही, पण चार वर्षं काहीच नव्हतं, त्याच्यापेक्षा हजारपट बरं.' समाधानी रुग्णांचं बोलणं साधारण याच सुराचं असतं.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा

१. माझ्यासाठी गोळी आणि इंजेक्शनचे सगळे पर्याय खरंच संपलेत का?

२. ऑपरेशननंतर माझी लांबी साधारण किती राहील? ती आत्ता मोजून दाखवाल का?

३. तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती इम्प्लांट बसवता आणि त्यात पंपाची किती? (जास्त ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनच्या हातून त्रास कमी होतो.)

४. एकूण खर्च किती? त्यात इम्प्लांट, हॉस्पिटल, भूल आणि पुढच्या तपासण्या सगळं धरलंय का? बिघडलं तर कंपनी नवीन भाग देते का, आणि त्या ऑपरेशनचा खर्च कुणाचा? विमा असेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या, अनेक पॉलिसींत हे ऑपरेशन बसत नाही.

५. रात्री-अपरात्री दुखणं वाढलं, पू आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कुठे यायचं?

हे ऑपरेशन युरोलॉजिस्टने, म्हणजे एमबीबीएसनंतर सर्जरी आणि त्यापुढे युरोलॉजीची पदवी घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं असतं. तेल, लेप, 'एका रात्रीत मर्दानगी' अशा जाहिरातींवर खर्च करण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या युरोलॉजी विभागात एकदा दाखवून या. केसपेपर काढताना खिडकीवर तक्रार सांगायची लाज वाटत असेल तर 'लघवीच्या डॉक्टरांना दाखवायचंय' एवढं म्हटलं तरी पुरतं. बाकीचं आत डॉक्टरांशी बोलता येतं.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध किंवा ऑपरेशनचा निर्णय तुमची तपासणी केलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)